शिल्लक राहिलेली १४० मिली आणि रात्रीची चौथी फेरी

*डॉक्टर, नमस्कार. माझे वय ६७, निवृत्त शिक्षक आहे. गेले वर्षभर रात्री चार वेळा तरी लघवीला उठावे लागते. धार बारीक झाली आहे, सुरू व्हायलाही वेळ लागतो. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५४ सीसी, ‘ग्रेड टू’ आला. लघवीपूर्वी मूत्राशयात ५८० मिली आणि लघवीनंतर १४० मिली शिल्लक असे लिहिले आहे. किडन्या व्यवस्थित आहेत. बीपीसाठी अम्लोडिपिन पाच वर्षे चालू आहे, संध्याकाळी पायांवर थोडी सूज असते. सातनंतर पाणी घेत नाही, तरी फरक नाही. मेहुणे म्हणतात, आताच ऑपरेशन करून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. काय करू? – एक वाचक, सातारा*

सर, नमस्कार.

आधी मेहुण्यांच्या धास्तीचे उत्तर देतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. वयाबरोबर वाढलेल्या प्रोस्टेटचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधून जातो. वयपरत्वे होणारी वाढ त्या मार्गाला लगटून असलेल्या आतल्या भागात होते, म्हणून ती लघवीची वाट आवळते. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला लघवीचा काहीच त्रास देत नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, त्यामुळे कॅन्सरची तपासणी वेगळी करायची असते आणि तीही करू. पण कॅन्सर टाळण्यासाठी घाईने ऑपरेशन, हा हिशेब चुकीचा आहे.

आता ‘५४ सीसी’ या आकड्याचे काय करायचे? तरुणपणी प्रोस्टेट साधारण २० ते २५ सीसी असते, म्हणजे तुमची दुपटीहून थोडी जास्त वाढली आहे. हा आकडा मोजपट्टीने मोजलेला नसतो. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पडद्यावर लांबी, रुंदी आणि उंची घेतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला ०.५२ ने गुणतात. समजा मापे ४.६, ४.४ आणि ५.१ सेंटिमीटर आली, तर उत्तर ५४ येते. शेवटचे माप अर्ध्या सेंटिमीटरने कमी धरले गेले तर तीच ग्रंथी ४८ होते. म्हणून सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रावर ४८ किंवा ६० आले, तर ‘कमी झाली’ म्हणून आनंद नको आणि ‘वाढली’ म्हणून घबराटही नको. ‘ग्रेड टू’ हा शब्द आकाराचे ढोबळ वर्णन आहे, कॅन्सरच्या ग्रेडशी त्याचा काही संबंध नाही. आणि आकारावरून त्रास ठरत नाही. ९० सीसीची ग्रंथी घेऊन रात्रभर शांत झोपणारी माणसे असतात, आणि ३० सीसीची ग्रंथी नेमकी मूत्राशयाच्या तोंडाशी आत घुसली तर लघवी पूर्ण तुंबवते. रिपोर्टमध्ये ‘मीडियन लोब’ किंवा ग्रंथीचा भाग मूत्राशयात किती मिलिमीटर आत गेला आहे, असे काही लिहिले असेल तर ते ५४ या आकड्यापेक्षा जास्त कामाचे आहे. तेवढे पुन्हा एकदा वाचून पाहा.

तुमच्या रिपोर्टमधली खरी विचार करण्याजोगी गोष्ट शिल्लक राहिलेली १४० मिली ही आहे. पण तीही जशीच्या तशी धरू नका. सोनोग्राफीला जाताना काय होते, ते आठवा. ‘पाणी पिऊन या, लघवी रोखून धरा’ असे सांगतात, नंबर यायला उशीर होतो आणि तोवर मूत्राशय फुगलेला असतो. तुमच्या मूत्राशयात ५८० मिली होती. घरी आपण इतकी भरण्याची वाट पाहत नाही, साधारण ३०० ते ४०० ला उठतो. जास्त ताणलेला स्नायू नीट आकुंचन पावत नाही. त्यात अनोळखी बाथरूम, दाराबाहेर थांबलेली माणसे, घाई. अशा वेळी ज्याला काहीही आजार नाही त्याचीही ५०-१०० मिली मागे राहू शकते. तुमच्या बाबतीत ५८० पैकी ४४० बाहेर पडली, म्हणजे तीन चतुर्थांशापेक्षा थोडी जास्त. हे फार वाईट नाही. तीच १४० मिली जर २५० पैकी राहिली असती, तर मी जास्त काळजी केली असती, कारण मग निम्म्याहून अधिक आतच राहत होती.

म्हणून पहिले काम हे की ही मोजणी पुन्हा करून घ्या. या वेळी भरपूर पाणी पिऊन जाऊ नका. नेहमीची लघवीची भावना आली की केंद्रावर जा, आधी मोजणी, मग निवांत लघवी, आणि लगेच पाच-दहा मिनिटांत पुन्हा मोजणी. मोजणीला अर्धा तास उशीर झाला तर किडन्यांकडून नवी लघवी येऊन भर पडते आणि ती शिल्लक म्हणून धरली जाते. हीच मोजणी दोन वेगळ्या दिवशी केली तरी आकडे बरेच वेगळे येतात, त्यामुळे एका मोजणीवर कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही. ढोबळ अंदाज असा ठेवा: ५० मिलीच्या आत राहिली तर विचार करण्याचे कारण नाही. १०० ते २०० च्या दरम्यान असेल तर औषध द्यायचे आणि लक्ष ठेवायचे. ३०० च्या वर सतत राहत असेल तर ते गंभीरपणे घ्यायचे, मग त्रास असो वा नसो.

शिल्लक लघवीने नुकसान होते ते तीन वाटांनी. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि वारंवार जळजळ, ताप येतो. त्याच गाळातून मूत्राशयात खडे बनतात. आणि फार काळ दाब चढत राहिला तर तो वर किडन्यांपर्यंत पोहोचतो. तुमच्या किडन्या फुगलेल्या नाहीत, हे चांगले आहे. रक्तातले क्रिएटिनिन तपासून ती बाजू पक्की करून घ्या. मूत्राशयाची भिंत जाड झाली आहे का, तिला पिशव्या फुटल्या आहेत का, खडा आहे का, हेही त्याच रिपोर्टमध्ये असते. ‘ट्रॅबेक्युलेटेड’ असा शब्द दिसला तर समजा, अरुंद वाटेतून लघवी ढकलण्यासाठी मूत्राशय बराच काळ कष्ट करत आला आहे.

आता तुमच्या झोपेकडे येतो. बहुतेक लोक इथेच गफलत करतात. प्रोस्टेट मोठी, रात्री उठावे लागते, म्हणजे उठण्याचे कारण प्रोस्टेट, असे धरून चालतात. औषध चालू होते, कधी ऑपरेशनही होते. धार सुधारते. आणि रात्रीच्या फेऱ्या तशाच राहतात. लघवीच्या सगळ्या तक्रारींमध्ये रात्रीचे उठणे ही सर्वांत हट्टी तक्रार आहे, कारण तिची कारणे अनेकदा प्रोस्टेटच्या बाहेर असतात.

हे शोधायला एक साधन आहे. त्याला खर्च नाही, पण चिकाटी लागते: तीन दिवसांची लघवीची वही. बाजारातून एक लिटरचा, मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा आणि तो फक्त याच कामासाठी बाथरूममध्ये ठेवा. तीन दिवस दर वेळी मगात लघवी करायची, वेळ आणि मिली लिहायचे, पाणी-चहा-ताक-आमटी किती घेतली तेही बाजूला लिहायचे. झोपायला गेल्याची आणि सकाळी उठल्याची वेळ नोंदवायची. तुम्ही शिक्षक आहात, नोंदवही ठेवणे तुम्हाला जड जाणार नाही.

रात्रीची बेरीज करताना एक नियम पाळा. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसात मोजायची आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीत मोजायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. साठीनंतर चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त रात्री तयार होत असेल, तर दोष किडन्यांकडून येणाऱ्या पुराचा आहे, प्रोस्टेटचा नव्हे.

तुमच्या पत्रातल्या खुणांवरून तुमची वही कशी दिसू शकेल, याचा अंदाज मांडून पाहतो. दिवसभरात सात वेळा, दर वेळी १३० ते १८० मिली, मिळून ११००. रात्री साडेदहाला झोप, मग सव्वाबाराला २६०, दोनला २४०, साडेतीनला २२०, पाचला २००, आणि सकाळी साडेसहाला २३०. रात्रीची बेरीज ११५०. चोवीस तासांची एकूण २२५०. म्हणजे निम्म्याहून जास्त लघवी रात्रीच्या आठ तासांत तयार झाली.

आता यात १४० मिली शिल्लक कुठे बसते, ते पाहा. समजा तुमचा मूत्राशय ४०० मिलीला जागे करतो. त्यात १४० आधीच आहेत, तर नव्या लघवीला जागा राहते २६०. ती पावणेदोन तासांत भरते, म्हणून चार वेळा उठणे आणि पाचवी सकाळची. औषधाने किंवा ऑपरेशनने शिल्लक शून्यावर आणली असे धरू. ११५० मिली तर येणारच आहेत, तेव्हा ४०० ला एकदा, ८०० ला दुसऱ्यांदा उठणे, आणि मग सकाळ. चारवरून दोन. आता उलट करून पाहू. शिल्लक तशीच ठेवली आणि रात्रीची लघवी ११५० वरून ७०० वर आणली. २६० ला एकदा, ५२० ला दुसऱ्यांदा, मग सकाळ. इथेही दोनच. दोन्ही केले तर ४०० ला एकदा उठणे आणि नंतर सरळ सकाळ. गणित कागदावरचे आहे, शरीर इतके नेमके वागत नाही. पण एकाच बाजूने लढले तर अर्धाच फरक पडतो, हे त्यातून कळते.

वही अगदी निराळीही येऊ शकते. रात्री दर वेळी जेमतेम १००, १२० मिली, सकाळची १३०, रात्रीची बेरीज ५५० आणि दिवसाची १२५०, तीही बारा-तेरा हप्त्यांत. इथे रात्रीचा वाटा एक तृतीयांशापेक्षा कमी आहे. किडन्या नीट वागत आहेत, मूत्राशयच कमी साठवतो किंवा लवकर घाई करतो. मग रोख प्रोस्टेट आणि मूत्राशय यांवरच ठेवायचा. म्हणून मी औषधाआधी वही मागतो.

तुमच्या पत्रात पायांच्या सुजेचा उल्लेख आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. सातनंतर पाणी बंद करूनही फरक पडला नाही, याचे कारण बहुधा तिथेच आहे. दिवसभर पायांत साठलेले पाणी तुम्ही आडवे झालात की रक्तात परत येते आणि किडन्या ते गाळून मूत्राशयात सोडतात. ते पाणी सकाळीच प्यालेले असते, त्यामुळे रात्रीचे पाणी बंद करून त्याला आळा बसत नाही. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, हा त्या औषधाचा नेहमी दिसणारा परिणाम आहे. पण कृपा करून गोळी स्वतःहून बंद करू नका. बीपीच्या डॉक्टरांना सूज दाखवा आणि रात्रीच्या फेऱ्या सांगा. ते डोस कमी करतील किंवा गोळी बदलतील. हृदय, किडनी किंवा पायाच्या शिरांमुळे सूज आहे का, हेही तेच पाहतील. सूज पाहण्याची रीत सोपी आहे: संध्याकाळी नडगीवर, घोट्याच्या वर, बोटाने दहा सेकंद दाबा. खळगा राहिला तर पाणी आहे.

घरी करण्यासारखे एवढेच: दुपारी किंवा संध्याकाळी तासभर पाय छातीच्या पातळीपर्यंत उशांवर वर करून पडून राहा, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच बाहेर पडेल. जेवणातले लोणचे, पापड, फरसाण कमी करा, कारण मीठ पाणी धरून ठेवते आणि रात्री सोडते. रात्रीचे ताक, पातळ आमटी, झोपताना दूध, उन्हाळ्यात कलिंगड, हेही पाण्यातच मोजा. ‘मी पाणी घेत नाही’ म्हणणाऱ्यांच्या वहीत हे सगळे सापडते. मात्र दिवसभराचे पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतो आणि खडे, जंतू यांना वाव मिळतो. चोवीस तासांत दीड ते दोन लिटर लघवी व्हावी, आणि पिण्याचा मोठा भाग दुपारी चारच्या आत व्हावा.

रात्रीचा पूर येण्याची आणखी दोन कारणे विचारून घेतो. तुम्ही मोठ्याने घोरता का, श्वास मध्येच अडतो असे घरचे सांगतात का? झोपेत श्वास अडला की हृदयावर ताण येतो आणि ते किडन्यांना मीठ-पाणी सोडण्याचा निरोप देते. ही माणसे लघवीसाठी जाग आली असे समजतात, पण जाग श्वास अडल्याने आलेली असते आणि उठलोच आहोत म्हणून लघवीला जातात. दुसरे, साखर. ती वाढली की लघवी दिवसरात्र वाढते. शिवाय जुना मधुमेह मूत्राशयाच्या नसा दुबळ्या करतो आणि त्यानेही लघवी शिल्लक राहते. तुम्ही साखरेबद्दल काही लिहिलेले नाही. एचबीए१सी करून घ्या.

तपासण्यांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. क्रिएटिनिन, साखर, लघवीची साधी तपासणी आणि त्यात जंतूंची शंका आली तर कल्चर. पीएसए ही रक्ततपासणी कॅन्सरच्या शंकेसाठी, पण ती लघवीत जंतू असताना किंवा नुकतीच नळी घातलेली असताना करू नका. आकडा खोटा वाढतो आणि घरात विनाकारण हाहाकार होतो. जंतुसंसर्ग झाला असेल तर सहा-आठ आठवडे थांबा. मूत्ररोगतज्ज्ञ गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतील. एका मिनिटाची तपासणी आहे, तिला लाजू नका. सोनोग्राफीला न दिसलेली टणक गाठ बोटाला लागू शकते.

एक तपासणी मात्र आग्रहाने करून घ्या: युरोफ्लोमेट्री. एका यंत्रात लघवी करायची, ते दर सेकंदाला किती मिली पडली याचा आलेख काढते. सर्वाधिक वेग १५ मिलीच्या वर असेल तर वाटेत मोठा अडथळा असण्याची शक्यता कमी. १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त. पण त्यासाठी किमान १५० मिली लघवी व्हायला हवी, नाहीतर आलेख टाकाऊ आहे. शिवाय बारीक धार दोन कारणांनी येते. एक तर वाट अरुंद, नाहीतर मूत्राशयाचा स्नायू दमलेला. यंत्र या दोघांत फरक सांगत नाही. ज्यांना जुना मधुमेह आहे, पाठीच्या मणक्याचा आजार आहे किंवा पक्षाघात झाला आहे, त्यांच्यात ऑपरेशन ठरवण्याआधी मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करायला हवी. स्नायूच दुबळा असेल तर वाट मोकळी करूनही शिल्लक तशीच राहू शकते.

औषधांबद्दल. तुमच्या वयात, या त्रासात पहिली गोळी बहुधा टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम असेल, किंवा तिच्याच जातीची सिलोडोसिन, अल्फुझोसिन. ही गोळी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. फरक काही दिवसांत कळतो, दोन-चार आठवड्यांत पूर्ण दिसतो. ती ग्रंथी लहान करत नाही, त्यामुळे सोनोग्राफीतला आकडा उतरला नाही म्हणून ‘गोळी लागू पडली नाही’ असे समजू नका. तिच्यामुळे उठताना चक्कर येऊ शकते, आणि तुम्ही बीपीची गोळीही घेता. पहिल्या काही रात्री पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मगच उभे राहा, बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. रात्री लघवीला जाताना पडून खुबा मोडलेले लोक मी पाहिले आहेत, आणि तो धोका प्रोस्टेटपेक्षा मोठा आहे. वीर्य कमी येणे किंवा न येणे हाही या गोळ्यांचा परिणाम आहे, विशेषतः सिलोडोसिनचा. गोळी थांबवली की ते पूर्ववत होते. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तर ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

तुमची ग्रंथी ४० सीसीच्या वर आहे, म्हणून दुसरी गोळीही सुचवली जाईल: ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड. ती ग्रंथी हळूहळू आकसवते, साधारण पाचव्या हिश्शाने ते पाव हिश्शाने. पण त्याला सहा महिने लागतात. तिचा मोठा फायदा पुढे दिसतो, लघवी पूर्ण तुंबण्याचा आणि ऑपरेशन लागण्याचा धोका निम्म्यावर येतो. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून ती सोडून देणारे बरेच आहेत, आणि ते औषधाला वेळच देत नाहीत. कामेच्छा कमी होणे, ताठरता कमी होणे काहींना जाणवते. हे आधी मोकळेपणाने बोलून घ्या. आणि एक गोष्ट फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: या गोळीने पीएसए सहा महिन्यांत निम्मा होतो. त्यानंतर रिपोर्टवर २ आला तर तो ४ समजायचा. म्हणून पीएसए गोळी सुरू होण्याआधीच करून घ्यायचा.

घाई कमी करणाऱ्या सोलिफेनासिनसारख्या गोळ्या मूत्राशयाला शांत करतात, म्हणजेच त्याचे आकुंचन कमी करतात. १४० मिली शिल्लक असताना त्या सावधपणे, पुन्हा मोजणी करूनच द्याव्या लागतात. मेडिकलमधून कुणाच्या चिठ्ठीवर आणू नका. रात्रीची लघवी कमी करणारे डेस्मोप्रेसिनही आहे, पण साठीनंतर त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकते आणि सुजेच्या रुग्णाला ते देण्याची घाई मी करणार नाही.

शिल्लक कमी करायला घरी एक सवय लावा. बसून, पाय टेकवून लघवी करा, पोट सैल सोडा, कुंथू नका. झाली असे वाटले की दोन-तीन मिनिटे तिथेच थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्या प्रयत्नात जितकी पडते तितकी रात्रीची जागा वाढते. झोपण्यापूर्वी हे न चुकता करा. बद्धकोष्ठ असेल तर ते सुधारा. भरलेले आतडे मूत्राशयाला नीट रिकामे होऊ देत नाही.

ऑपरेशन केव्हा? लघवी पूर्ण तुंबली आणि औषध देऊन नळी काढल्यावरही होत नसेल. मूत्राशयात खडा असेल. जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल. प्रोस्टेटमधून वारंवार रक्त येत असेल. किडन्यांवर दाब दिसू लागला असेल. किंवा औषधे नीट, पुरेसा काळ घेऊनही दिवसा-रात्री जगणे कठीण होत असेल. तुमच्या पत्रात आज यांपैकी एकही दिसत नाही. पुढे लागलेच, तर टीयूआरपी किंवा लेझरने होलेप, दोन्ही बहुतेक वेळा कमरेखालचा भाग बधिर करून मूत्रमार्गातूनच करतात, पोटावर चिरा नसतो. यानंतर बहुतेकांचे वीर्य मूत्राशयात मागे जाते आणि ते कायमचे असते. आणि तुमच्या वहीत रात्रीचा वाटा निम्मा निघाला, तर ऑपरेशननंतरही दोनदा उठणे राहील, हे मेहुण्यांना सांगून ठेवा.

काही गोष्टींत मात्र वाट पाहायची नाही. सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन, स्युडोएफेड्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांसारखी औषधे असतात. ती मूत्राशयाचे तोंड आवळतात किंवा स्नायू थंड करतात, आणि सर्दीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी पूर्ण बंद झालेले रुग्ण इमर्जन्सीत येतात. पाकिटावरची नावे वाचा, डॉक्टरांना प्रोस्टेट आहे असे सांगा. लांबच्या एसटी प्रवासात लघवी रोखून धरू नका. पोटाच्या खालच्या भागात दुखत असताना लघवीचा थेंबही पडत नसेल, तर पाणी पिऊन ‘होईल’ म्हणून थांबू नका, रात्र असली तरी रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्या. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ, किंवा लघवीतून रक्त आले तरी त्याच दिवशी दाखवा. आणि झोपेत नकळत अंथरूण ओले झाले, तर ते म्हातारपण म्हणून लपवू नका. भरून वाहणाऱ्या, दाबाखालच्या मूत्राशयाची ती खूण असते, तिथे दुखतही नाही, आणि किडन्या मुकाट्याने खराब होत असतात. पायांत अचानक बधिरपणा किंवा अशक्तपणा आला आणि लघवी अडली, तर ती मणक्याची तातडी आहे.

तुमचा क्रम असा: या आठवड्यात वही आणि रक्त-लघवीच्या तपासण्या, बीपीच्या डॉक्टरांना सूज दाखवणे, मग वही घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे युरोफ्लोमेट्री आणि शिल्लक लघवीची पुन्हा मोजणी. गोळी सुरू झाली तर सहा आठवड्यांनी परत तीन दिवसांची वही आणि तीच मोजणी, शक्य तर त्याच केंद्रावर. शिल्लक १०० च्या आत आली आणि रात्रीची बेरीज उतरली असेल तर तेच चालू ठेवा. शिल्लक वाढत २००-३०० कडे जात असेल, तर तुम्हाला बरे वाटत असले तरी ऑपरेशनचा विषय तुम्ही स्वतः डॉक्टरांसमोर काढा.